प्रतिक्रियेला उत्तर : सहा महिने कधी वर्ष होतात, कधी नाही

वाचकाची प्रतिक्रिया : "सहा महिने झाले की वर्ष धरतात, असं तुम्ही छातीठोक लिहिलंत. माझी नोकरी चार वर्षं सात महिने झाली, म्हणजे पाच वर्षं. तरी कंपनीने ग्रॅच्युइटी नाकारली. अशी अर्धवट माहिती टाकून लोकांना फसवू नका. सरकारी नोकरीचा नियमही वेगळा आहे, तो लिहिलाच नाहीत. आणि आकडे घालून एक तरी उदाहरण द्यायचं होतंत."

माझं उत्तर :

'फसवू नका'? अहो, मतभेद असू शकतो, पण फसवणूक हा शब्द जरा जपून वापरावा. हा ब्लॉग मी फुकट लिहितो आणि त्यातून माझ्या पदरात काहीही पडत नाही. उदाहरण द्यायला हवं होतं, हे मात्र मान्य. ते खाली देतो.

तुमच्या चार वर्षं सात महिन्यांकडे येऊ. ग्रॅच्युइटीत दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, हक्क आहे का? दुसरा, रक्कम किती? पूर्णांक करण्याची सवलत फक्त दुसऱ्या प्रश्नाला आहे. 1972 च्या कायद्याच्या कलम 4 मध्ये पाच वर्षांच्या सलग सेवेची अट पहिल्या पोटकलमात होती, आणि सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरण्याची तरतूद दुसऱ्या पोटकलमात, म्हणजे रक्कम काढताना. 2025 मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही रचना तशीच आहे. दाराबाहेर उभ्या माणसाला ती सवलत आत ओढून घेत नाही.

आता आकडे. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये आहेत. सेवेच्या एका वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना 26 दिवसांचा धरून 26,000 × 15 / 26, म्हणजे 15,000. सेवा सात वर्षं सात महिने असेल तर आठ वर्षं धरून 1,20,000 मिळतील. पण 1 एप्रिलला रुजू झालेला माणूस सात वर्षांनंतर 30 सप्टेंबरला बाहेर पडला, तर वरचा तुकडा बरोबर सहा महिन्यांचा होतो. कायदा सहा महिन्यांहून 'अधिक' म्हणतो, त्यामुळे सातच वर्षं आणि 1,05,000. एक दिवस जास्त राहिला असता तर 15,000 वाढले असते. माझी अख्खी नोकरी पगारपत्रकं आणि फुल अँड फायनलचे हिशेब करण्यात गेली आहे. राजीनाम्याची तारीख न बघता लोक असे पैसे सोडतात, हे मी स्वतः पाहिलंय. माझी पहिली नोकरी साडेचार वर्षांत सुटली, तेव्हा मलाही छदाम मिळाला नव्हता. मी कुणाला फसवणूक म्हणून ओरडलो नाही, कायदा उघडून बसलो.

तुमच्या बाबतीत आधार शोधायचाच तर तो पूर्णांकात नाही, दिवसांत आहे. वर्षभर 'सलग सेवा' मोजायला 240 दिवस पुरतात. आठवड्याला सहाहून कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेत 190. पाचव्या वर्षात एवढे दिवस भरले तर पाच वर्षं झाली, असं मद्रास उच्च न्यायालयाने मानलं आहे, पण प्रत्येक मालक ते आपणहून मान्य करत नाही. सात महिने म्हणजे कॅलेंडरचे साधारण 212 दिवस. सहा दिवसांच्या कामात 240 भरणारच नाहीत. तुमचं काम पाच दिवसांचं असेल तर वादाला जागा आहे. आठवडा किती दिवसांचा, हे मात्र तुम्ही लिहिलंच नाहीत. आणि अर्धवट माहिती मी देतो!

गोंधळ कुठून झाला तेही सांगतो. पीएफला जोडलेल्या ईपीएस 1995 या योजनेच्या पेन्शनमध्ये उलट आहे. तिथे सहा महिने 'किंवा अधिक' असले की वर्ष धरतात, आणि ते हक्कालाही लागू होतं. एकूण सेवा नऊ वर्षं सहा महिने झाली की दहा धरली जाते आणि मासिक पेन्शनचा हक्क येतो. पेन्शनयोग्य वेतन 15,000 धरलं तर 15,000 × 10 / 70, म्हणजे महिना सुमारे 2,143. नऊ वर्षं पाच महिन्यांवर थांबलात तर मासिक पेन्शन नाही, हाती फक्त एकरकमी पैसे येतात. वेगवेगळ्या कंपन्यांतली सेवा जोडून शेवटी एकदाच पूर्णांक होतो. ग्रॅच्युइटी मात्र प्रत्येक मालकाकडे वेगळी. बिनपगारी रजेचे दिवस, म्हणजे एनसीपी डेज, पेन्शनच्या सेवेतून वजा होतात. काठावरचे लोक तिथेच घसरतात. पीएफचं पासबुक बघायचं ते यासाठी.

सरकारी नोकरीवर लिहिलं नाही, कारण लेख खासगी नोकरदारांसाठी होता. सरकारी नोकरीत हिशेब सहामाहींचा असतो, तीन महिने किंवा अधिक झाले की अर्धं वर्ष. एवढ्यावर थांबतो.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा रुजू तारीख, शेवटचा दिवस आणि आठवड्याचे कामाचे दिवस आधी लिहा. आरोप नंतर करा, चालेल.