झालर

"भाऊजी, झालर छान आहे हो! मुलींच्या फ्रॉकला असते तशी. हल्ली पुरुषांच्यातही असं निघालंय का?"

रविवारी सकाळी लिफ्टमध्ये, चार माणसं आणि एक कुत्रा यांच्या देखत, सहाव्या मजल्यावरच्या वहिनींनी मला हे विचारलं. बोलण्यात खोच असती तर मी खोचक उत्तर दिलं असतं. पण वहिनी मनापासून विचारत होत्या, आणि तेच जास्त लागलं. कारण ती झालर नव्हती. मी स्वतः शिवलेल्या टी-शर्टची ती खालची दुमड होती.

पुरुषाने टी-शर्ट का शिवावा, हा प्रश्न आमच्या घरात विचारून झालेला आहे. उत्तर एकच, पोट. तयार टी-शर्ट पोटाला बसला तर खांद्यावरून ओघळतो आणि खांद्याला बसला तर वाकल्यावर पाठ उघडी टाकतो. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "होजियरीला आम्ही हात लावत नाही." तेव्हा मला तो आखडू वाटला होता. आता तो संत वाटतो. घरात झिगझॅगचं मशीन होतंच. पडदे शिवायला म्हणून सौभाग्यवतींनी हौसेने घेतलं होतं. पडदे अर्थातच तयार आणले. मोतिया रंगाचं सव्वा मीटर कॉटन-लायक्रा आणलं, जुना टी-शर्ट उसवून त्यावरून कापलं आणि बसलो.

पहिला शर्ट सुईनेच मारला. दुकानात मी बॉलपॉइंट सुई मागितली होती. दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की शाईही मागेन की काय. "सुई ती सुई हो," म्हणत त्याने सोळा नंबरची साधी सुई दिली. त्या सुईने शिवताना टिक टिक असा बारीक आवाज येत होता. मला वाटलं, मशीन लयीत आलं. तो कापड तुटण्याचा आवाज होता. होजियरीचं कापड ताणाबाण्याचं नसतं, स्वेटरसारखं विणलेलं असतं. त्यात सगळे फासेच. साधी टोकदार सुई फासा दिसेल तिथे छेदते, तुटलेला फासा वरच्याला सोडतो, वरचा त्याच्या वरच्याला. शिवल्या दिवशी काहीच दिसत नाही. पहिल्या धुण्यानंतर टीप आडवी ताणून उजेडात धरली आणि टिपेलगत भोकांची रांग दिसली, जणू मुंग्यांनी वर्गणी काढून खाल्ली असावीत. बॉलपॉइंटचं टोक किंचित गोल असतं. ते फाशाला बाजूला सारून मधून जातं, छेदत नाही. अखेर ठाण्याच्या एका दुकानात पंचाहत्तर नंबरची मिळाली. नंबर सुईच्या दांड्यावर कोरलेला असतो. तो वाचायला चष्मा, त्यावर भिंग आणि शेजारी तरुण मुलगा लागतो. हा नंबर कोणासाठी कोरतात, एवढं एकदा मला कोणीतरी सांगावं.

दुसऱ्या शर्टाच्या खांद्या-बाजूच्या टिपा छान आल्या. राहिली खालची दुमड. तयार टी-शर्टला तिथे दोन समांतर टिपा असतात. त्या कारखान्यात फ्लॅटलॉक नावाच्या मशीनवर होतात. घरी त्याला जोडसुई. एका दांड्याला दोन सुया, पाकिटावर ४.०/७५. पहिला आकडा दोन सुयांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. दुसरा सुईची जाडी. वर दोन दोरे, खाली बॉबिन एकच. खालचा दोरा दोन टिपांमध्ये नागमोडी फिरतो, म्हणून ती शिवण ताणली तरी तुटत नाही. मशीनला रीळ अडकवायची काठी एकच, म्हणून दुसरं रीळ मी मागे स्टीलच्या पेल्यात ठेवलं. पहिली जोडसुई तीन सेकंद टिकली. झिगझॅग शून्यावर आणायचा राहिला होता. उजवी सुई थेट पत्र्यावर आपटली आणि तिचा तुकडा माझ्या चष्म्यावर. दीडशे रुपये. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "पडदे शिवताना असं होत नाही."

दुसऱ्या जोडसुईने दुमड झाली. तिची झाली झालर. आणि लिफ्टमध्ये जी चार माणसं होती त्यांत तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा होते.

आप्पा रेल्वेतून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली, पण रेल्वे आप्पांतून निवृत्त झालेली नाही. सगळी नोकरी रुळांवर, त्यातली बरीच कर्जत-लोणावळा घाटात. डोंबिवलीत लोकल पाच मिनिटं थांबली की आप्पा गॅलरीत येऊन कारण सांगतात. त्या सकाळी लिफ्ट तळाला आली, सगळे उतरले, आप्पा उतरले नाहीत. खाली वाकून त्यांनी माझ्या शर्टाची कड दोन बोटांत धरली आणि अंगठ्याने पुढे पुढे चाचपत माझ्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घातली.

"बकलिंग," ते म्हणाले.

"काय?"

"बकलिंग रे! उन्हाळ्यात रूळ तापला की लांबी वाढते. पण दोन्ही बाजूंनी जखडलेला असतो. मग जादा लांबी जाणार कुठे? बाजूला! साप होतो त्याचा. तुझ्या शर्टाला तेच झालंय. घेर किती होता?"

"एकशे सहा."

"आता किती आहे?"

आता किती आहे हे मी मोजलं नव्हतं. आप्पांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आयुष्यात फक्त गणिताच्या मास्तरांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. दहा मिनिटांत ते पोलादी टेप घेऊन घरी हजर. शर्ट माझ्या अंगावरच होता. "उभा राहा, श्वास सोड, पोट आत घेऊ नकोस, खरं माप हवं." टेप गार होता. सौभाग्यवती चहा घेऊन दारात थांबल्या त्या तिथेच. वळणावळणातून टेप फिरवत आप्पांनी आकडा पुकारला, "एकशे अठरा!" आणि मग, सौभाग्यवतींकडे वळून, "बारा सेंटिमीटर जादा, वहिनी. हा सेक्शन मी गाडीला दिला नसता."

मला राग आला होता हे खरं. सोळा तास घालवलेल्या कपड्यावर कोणी गाडीच चालवायला देईना. पण म्हातारा बरोबर होता, आणि त्याचा जास्त राग आला. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात, वरून फूट दाबून धरतो. साध्या कापडाला त्याचं काही नसतं. ताणणारं कापड मात्र या रस्सीखेचीत लांबतं, आणि लांबलेलं असतानाच टाका त्याला पकडतो. नंतर त्याला आखडता येत नाही. त्यात मी मदत म्हणून मागून ओढत होतो. टाकाही दोनचा ठेवलेला, म्हणजे प्रत्येक इंचात जास्त दोरा कोंबलेला.

"रुळाला खडी धरून ठेवते. तुझ्या कापडाला कोण धरतंय?" आप्पांनी विचारलं. मी म्हटलं, मशीनला खडी नसते. "मग दाब कमी कर. दाबाचा स्क्रू कुठाय?"

स्क्रू होता. मशीनच्या डोक्यावर, फुटाच्या दांड्याच्या बरोब्बर वर. इतके दिवस मला ते टोपण वाटत होतं.

उसवण्यात शनिवार गेला. जोडसुईची टीप उसवणं सोपं असतं असं म्हणणाऱ्याला मी शोधतोय. मग आप्पांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. ते स्टूल घेऊन शेजारी बसले, गँगमनच्या मागे मुकादम बसतो तसे. स्क्रू दोन आटे सैल, टाका तीनचा, चिंधीवर चाचणी. लाट कमी, पण होतीच. म्हणून कापडाखाली कागदाची पट्टी घालायची ठरली, म्हणजे दाते कागदाला ओढतील आणि कापड नुसतं त्यावर बसून जाईल. आप्पांनी उत्साहाने कालचा पेपर फाडून दिला. चाचणी उत्तम. कागद टिपेवरून टरकावला तर मोतिया चिंधीवर उलटी अक्षरं उमटलेली, 'पाणीकपात' एवढं स्पष्ट वाचता येत होतं. मग बुटाच्या खोक्यातला पातळ पांढरा कागद शोधला. तो मात्र झकास.

पण आता वेगळंच. लाट गेली आणि दोन टिपांच्या मध्ये कापड उंच उठलं, उंदीर खालून गेल्यासारखं.

"आप्पा, हा काय प्रकार? याला बोगदा म्हणतात असं वाचलंय."

चूक झाली. मी बोगदा हा शब्द उच्चारायला नको होता. पुढची चाळीस मिनिटं आम्ही बोरघाटात होतो. पावसात दरड कशी येते, बोगद्यातून पायी जाताना मागून गाडी आली तर भिंतीतल्या कोनाड्यात कसं उभं राहायचं, अंगरख्याचं टोक बाहेर राहिलं तर काय होतं. मशीनचा दिवा तापून शर्टाला वास यायला लागला. शेवटी मीच म्हटलं, "पण आप्पा, हा कसा बुजवायचा?" ते म्हणाले, "बोगदा बुजवत नाहीत."

हा बुजवावा लागतो. खालचा एकच दोरा दोन्ही टिपांना पकडतो. तो ताठ असला की दोघींना जवळ खेचतो आणि मधलं कापड वर येतं. वरच्या दोऱ्यांचा ताण मी चारवरून अडीचवर आणला, बॉबिन केसचा इवला स्क्रू पाव आटा सैल केला. उंदीर बसला. स्क्रू फिरवण्याआधी त्याची जागा पेनाने खुणावून ठेवली होती. तेवढी अक्कल दीडशे रुपयांत आली.

मग खरा शर्ट शिवला तेव्हा सुलट बाजू वर ठेवली, हात नुसते टेकवले, कुठेही ओढलं नाही. टेपवर एकशे नऊ. आप्पांचं तोंड पडलं. मग इस्त्री. घासायची नाही, घासली की परत लांबतं. वाफ सोडत अर्धा बोट वर धरायची, कापड हाताने गोळा करत आणायचं, आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलायचं नाही. लायक्रा वाफेवर आखडते, हे डोळ्यांनी पाहिलं. बारीक वळ्या बसत गेल्या. गार झाल्यावर एकशे साडेसहा. बारा सेंटिमीटरच्या झालरीला मात्र वाफेने काही झालं नसतं, ती उसवायलाच हवी होती.

आप्पांनी चष्मा लावून पूर्ण घेर चाचपला. "पास," ते म्हणाले. "पण कॉशन ऑर्डर आहे. आठवडाभर जिना पळत उतरू नकोस."

आज सकाळी तो घालून लिफ्टमध्ये शिरलो. सहाव्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. मी थोडा आडवा उभा राहिलो, म्हणजे कड उजेडात यावी. दोन मजले त्या मोबाइलमध्ये होत्या. मग वर पाहून म्हणाल्या, "हे काय भाऊजी, साधाच घातलात? तो झालरीचा कुठे गेला? आमच्या ह्यांच्यासाठी तसाच शिवून हवाय."