आपण सोमालियात राहत नाही

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांब होईल, वाचायचं तर वाचा.

काल रात्री शेजारच्या वहिनींना कळा सुरू झाल्या. साडेदहाला ॲम्ब्युलन्सला फोन केला, "गाडी निघाली" असं तीनदा सांगितलं आणि गाडी आली दीड वाजता. तोवर आम्ही पिकअपमध्ये गादी टाकून, वरून ताडपत्री धरून, पावसात वहिनींना तालुक्याला नेऊन सोडलं होतं. बाळ-बाळंतीण बरी आहेत. सकाळी घरी येऊन चहा घेतो न घेतो तोच ग्रामपंचायतीचा शिपाई दारात उभा, हातात थकलेल्या घरपट्टीची लोकअदालतीची नोटीस. माझं नाव, बाबांचं नाव, घर नंबर, सगळं बरोबर, रक्कम पैशासकट बरोबर.

हे चालू असताना गावाच्या ग्रुपवर आमच्याच गल्लीतल्या एका पोराने टाकलं, "आपण सोमालियात राहतो भावांनो, फेल्ड स्टेट." त्याला चाळीस अंगठे. आणि तिथे माझं डोकं सटकलं. पोराचा राग खोटा नाही, काल रात्री ताडपत्रीचं एक टोक त्यानेच धरलं होतं. पण तो जे बोलला ते चूक आहे, आणि त्या चुकीचा फायदा नेमका कुणाला होतो ते सांगतो.

आधी माझ्या बाबांची गोष्ट. तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहे, बाबा ट्रक चालवायचे, बांबू भरून जंगलातून बल्लारपूरकडे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्यासोबत केबिनमध्ये बसून गेलो होतो. बाबांकडे कागदांचा पत्र्याचा डबा होता. पहिल्या नाक्यावर त्यांनी टीपी, म्हणजे जंगलातला माल नेण्याचा परवाना, दाखवली, साहेबाने शिक्का मारला. पुढच्या नाक्यावर पन्नास रुपये दिले, पावती नाही. त्याच्या पुढच्या नाक्यावर परत तेच, परत पावती नाही. मग अंधार पडल्यावर एका वळणावर रस्त्यात दगड मांडलेले, दोन माणसं आली, बंदुका होत्या. बाबांनी डब्यातून घडी केलेली एक चिठ्ठी काढून दिली. त्यांनी टॉर्चमध्ये वाचली, परत दिली, दगड बाजूला केले. ठेकेदाराने आधीच पैसे पोचवले होते, ही त्याची चिठ्ठी. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "हे एकदाच घेतेत." आणि डांबरी रस्ता लागायच्या आधी त्यांनी ती चिठ्ठी सीटखालच्या फाटक्या रेक्झिनमध्ये खुपसली. कारण जो कागद नदीच्या एका काठावर जीव वाचवायचा, तोच दुसऱ्या काठावर पोलिसांना सापडला तर आत टाकायचा.

मी राज्यशास्त्र शिकवतो, पंधरा वर्षं झाली. राज्य कोसळलं की नाही हे कसं ओळखायचं ते पोरांना सांगताना पुस्तकात तीन मापं आहेत : जमिनीवर ताबा कुणाचा, कर कोण गोळा करतं, आणि दवाखाना-शाळा-पाणी कोण देतं. पोरं पाठ करतात आणि विसरतात. मला मात्र दरवेळी ती केबिन आठवते.

आता खऱ्या सोमालियाचं ऐका. जानेवारी १९९१ मध्ये तिथला हुकूमशहा सियाद बारे राजधानी मोगादिशू सोडून पळाला आणि त्यानंतर वीस-एकवीस वर्षं त्या देशात कायमचं असं केंद्र सरकार बसलंच नाही. २०१२ मध्ये एकदाचं बसलं, त्याला जगाची मान्यता आहे, झेंडा आहे, पण राजधानीतून बाहेर पडणारे रस्ते पूर्ण त्याच्या हातात नाहीत. देशाच्या दक्षिणेत मोठ्या मुलखावर सरकारशी लढणाऱ्या अल-शबाब या सशस्त्र संघटनेचा वचक आहे. आता समजा एक ट्रकवाला मोगादिशू बंदरातून साखर-तांदूळ भरून आत बैदोआ शहराकडे निघाला. सरकारी बाजूच्या रस्त्यावर नाक्यामागे नाका, प्रत्येक नाक्यावर वेगळा कमांडर, कुठे सैन्याचे लोक, कुठे कुठल्या टोळीचे, प्रत्येकजण घेतो, पावती कुणीच देत नाही. कारण साधं आहे, त्या सैनिकांना कित्येक महिने पगारच मिळायचा नाही, नाका हाच त्यांचा पगार. अल-शबाबच्या नाक्यावर मात्र माल बघतात, ठरलेला दर लावतात, एकदा पैसे घेतात आणि पावती देतात. पुढच्या त्यांच्या नाक्यावर पावती दाखवली की गाडी सोडतात. त्यामुळे कित्येक ट्रकवाल्यांना त्यांचाच रस्ता परवडतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटवून बसलो होतो. "हे एकदाच घेतेत." आफ्रिकेतला तो ड्रायव्हर आणि माझा बाप एकच वाक्य बोलत होते.

आणि हे रस्त्यावरच थांबत नाही. खुद्द मोगादिशूत, सरकारच्या नाकासमोर, बंदरात माल उतरवणारे व्यापारी सरकारला जकात भरतात आणि अल-शबाबलाही भरतात. कंटेनरमध्ये काय आलं हे त्यांना बंदरातूनच कळतं, मग फोन येतो, आणि नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. जमिनीच्या भांडणात राजधानीतले लोकही गुपचूप त्यांच्या कोर्टात जातात, कारण तिथला निकाल अंमलात येतो, सरकारी कोर्टाचा कागदावर राहतो. सरकारची स्वतःची वसुली देशाच्या उत्पन्नात शंभराला तीनच्या आसपास. आपल्याकडे केंद्र आणि राज्य मिळून शंभराला सतरा-अठरा जातात.

पण थांबा, याचा अर्थ अल-शबाब म्हणजे चांगलं सरकार, असं कुणी कॉमेंटमध्ये लिहिलं तर सरळ ब्लॉक करीन. २०११ मध्ये तिथे दुष्काळ पडला. ताबा त्यांचा, वसुली त्यांची, आणि लोक उपाशी मरायला लागले तेव्हा त्यांनी बाहेरच्या बऱ्याच मदत संस्थांना आत येऊ दिलं नाही. त्या दुष्काळात अंदाजे अडीच लाखांवर माणसं मेली, त्यातली निम्म्याहून थोडी जास्त पाच वर्षांखालची लेकरं. पावती देणाऱ्याने लेकरू वाचवलं नाही. पहिली दोन मापं पूर्ण, तिसऱ्याच्या जागी शून्य. म्हणून या तीन गोष्टींची बेरीज करून एक नंबर काढता येत नाही, त्या वेगवेगळ्या बघाव्या लागतात.

त्याच देशाचा उत्तरेचा तुकडा बघा, सोमालीलँड. १९९१ मध्येच वेगळा झाला, तेव्हा कुणाची मान्यता नव्हती म्हणून परदेशी कर्ज नव्हतं, मोठी मदत नव्हती. मग पैसा आणायचा कुठून? एगाल नावाचा त्यांचा अध्यक्ष आपल्याच व्यापाऱ्यांकडे गेला, कर्ज मागितलं, बरबेरा बंदराची जकात हाच त्याच्या सरकारचा आधार. व्यापारी म्हणाले देतो, पण रस्त्यावरची लुटालूट बंद झाली पाहिजे. टोळ्यांच्या लढवय्यांना पगारी सैन्यात घेतलं आणि नाके उठवले. फार श्रीमंत झाले नाहीत, सगळं गोडही नाही तिथे, पण ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला उत्तर द्यावं लागलं. मला एवढाच मुद्दा घ्यायचाय.

आता आपल्याकडे या. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात नक्षलवादी आणि सरकार यांच्यात ताब्याची लढाई खरीच झाली, माझ्या केबिनच्या आठवणीत आहे ती. किती पोलीस गेले, किती आदिवासी दोन्हीकडून भरडले गेले, ते इथे कुणाला सांगायची गरज नाही. पण आज ती चिठ्ठी चालत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती साठेक लोकांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र ठेवून आला. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी आतल्या वांगेतुरी गावाकडे एसटी सुरू झाली. रस्ते झाले, टॉवर झाले, हे मान्य करतो, मला कुणी आंधळा म्हणू नये.

म्हणजे ताबा आहे. वसुली आहे, माझ्या दारात सकाळी आठला आली. मग भाऊ, हे फेल्ड स्टेट कसं? सोमालियातला माणूस सरकारला म्हणाला "ॲम्ब्युलन्स दे" तर सरकार खरंच म्हणू शकतं की बाबा माझ्याकडे पैसा नाही, माणूस नाही, रस्ता माझा नाही. आपलं सरकार असं म्हणू शकत नाही. आपण त्याला "फेल" म्हटलं की आपणच त्याला ते निमित्त हातात देतो! न जमणाऱ्याला माफी असते, जमत असून न करणाऱ्याला कशाची माफी?

कुणी म्हणेल नोटीस वाटायला एक शिपाई पुरतो, ॲम्ब्युलन्सला ड्रायव्हर, डिझेल, डॉक्टर, नाल्यावर पूल आणि ते सगळं रोज रात्री लागतं, दोन्ही सारखं अवघड नाही. बरं, खरं आहे. वर्षातून एकदा करायचं काम आणि रोज करायचं काम यात फरक असतो. पण मग निवडणूक आठवा. आपल्याच जिल्ह्यात आतल्या बूथवर मशीन आणि कर्मचारी हेलिकॉप्टरने जातात. मी स्वतः एकदा त्या ड्युटीवर होतो, मूठभर घरांच्या गावात आम्हाला उतरवलं, पाणी, जेवण, बंदोबस्त, परतीची वेळ, सगळं ठरलेलं आणि ठरल्याप्रमाणे झालं. पाच वर्षांतून एक दिवस का होईना, त्या गावापर्यंत पोचता येतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या गावाला तर हेलिकॉप्टरही लागत नाही, डांबरी रस्ता आहे!

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या पोरालाही मी ग्रुपवर जास्तच बोललो, त्याच्या घरी जाऊन येतो संध्याकाळी. रात्रभर जागून, भिजून, त्याने जो सुचला तो शब्द टाकला. माझ्या वयाचे आम्ही लोक तर शब्दसुद्धा टाकत नाही, गादी आणि ताडपत्री आधीच काढून ठेवतो, जसं काही ॲम्ब्युलन्स येणारच नाही हे ठरलेलंच आहे. मला त्याचीच भीती वाटते. बाबासुद्धा पन्नासची नोट आधीच वरच्या खिशात काढून ठेवायचे, आणि मला तेव्हा ते शहाणपण वाटायचं.

बाबांचा डबा आज माळ्यावरून काढला. टीपीच्या पिवळ्या पडलेल्या प्रती आहेत, घरपट्टीच्या पावत्या आहेत वर्षावर्षाच्या दोऱ्यात ओवलेल्या, कापूस विकला की आधी ती भरायचे. चिठ्ठी नाही, ती त्यांनी जाळली असणार.

उद्या अकराला ग्रामपंचायतीत जातोय. थकबाकी पूर्ण भरणार, पावती घेणार, आणि त्याच टेबलावर कालच्या रात्रीचा अर्ज ठेवणार : फोन किती वाजता केला, तिकडून काय सांगितलं, गाडी किती वाजता आली, आणि आमच्या भागासाठीची गाडी त्या वेळी कुठे उभी होती त्याची लेखी माहिती द्या. एक प्रत तहसीलला, एक जिल्ह्याला. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी तारीख आणि वेळ आठवून लिहून आणा, फोनमध्ये कॉलची वेळ असते, ती पुसू नका. वहिनींचा दीर येतोय सोबत.