सहाशे रुपयांसाठी तीन कोटेशनं

"आणि याची रद्दी किती येते?" परवा रात्री हा प्रश्न मला अगदी गंभीर चेहऱ्याने विचारण्यात आला. विचारणारे काका पलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि 'हे' म्हणजे माझं नवंकोरं सशुल्क न्यूजलेटर. ईमेलने जाणारं.

मी डोंबिवलीत सोसायट्यांचे हिशेब लिहिते. पहिला घास घेतला की फोन वाजतो. भाडेकरू ठेवला तर सभासदाकडून जास्तीचे किती घ्यायचे? (सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत.) फ्लॅट विकला तर ट्रान्स्फर प्रीमियम किती? (कमाल २५,००० रुपये, त्यावर 'स्वखुशीची देणगी' म्हणून जे उकळतात त्यात खुशी कोणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे.) हितचिंतक म्हणत होते की न्यूजलेटर काढायचंच तर प्रवासावर काढ, जगण्यावर काढ. जगण्यावर सगळेच फुकट बोलतात. रविवारच्या मीटिंगमध्ये समोरच्याला गप्प करायचं असेल, तेव्हा मात्र माणूस खिशात हात घालतो. तेव्हा विषय ठरला. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून सुरुवात ऑगस्टमध्ये.

पहिले शंभर वर्गणीदार कुठून आणायचे? ग्रुपवर टाकलं तर नमस्काराचे हात आले, अंगठे आले, एका मावशींनी वाढदिवसाचा केकही पाठवला. फुकट वाचणाऱ्या शंभरातले पाच-दहा जण पैसे देतात, तेही बरं चाललं तर, असं या धंद्यात धरतात. म्हणजे शंभर वर्गणीदारांसाठी हजार-दोन हजार फुकटे आधी पोसायचे! ते मला परवडणारं नव्हतं. म्हणून मी सेक्रेटरी मंडळींना एकेकाला फोन लावायला घेतले. सेक्रेटरी स्वतःच्या खिशातून चहा पाजणार नाही, पण सोसायटीच्या व्हाउचरवर सही करायला त्याचं काही जात नाही.

वर्गणी वर्षाला ६०० ठेवली. महिन्याला ५० घेतले असते, तर दर महिन्याला त्याच माणसाला पुन्हा विचार करायची संधी मिळाली असती, आणि व्हाउचरं बारा झाली असती. पेमेंट गेटवे २ टक्के घेतो आणि त्या २ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४ रुपये १६ पैसे. हातात ५८५ रुपये ८४ पैसे. शंभर जण मिळाले तर वर्षाला ५८,५८४. महिन्याला दोन पत्रं लिहायची. हिशेब चोख होता. त्यात काका नव्हते.

"वर्षाला सहाशे? अगं, पेपर वर्षभर रोज येतो, वर रद्दीचे पैसे सुटतात. तुझी चोवीस पत्रं, आणि रद्दी शून्य!"

"काका, पेपरात तुमच्या पार्किंगच्या भांडणाचं उत्तर येत नाही."

"ते तू फोनवर सांगतेसच की."

इथे मी पाणी प्यायले. वर्गणीदारांच्याच प्रश्नांना उत्तर देणार, फोन बंद, असं मी बजावलं. खरं म्हणजे विकायला माझ्याकडे तेवढंच आहे. पत्र काय, एकाने घेतलं की दहा ग्रुपवर फिरतं. ते कुठल्याही कुलपाने थांबत नाही. ज्याचा प्रश्न त्याला उत्तर, ते मात्र फॉरवर्ड करून दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

काकांना हे पटलं. लगेच म्हणाले, "ठीक. मग तीन कोटेशनं आण."

"कसली?"

"अशा पत्रांची. कमिटीपुढे तुलनात्मक तक्ता ठेवावा लागतो. लिफ्टचं तसंच केलं होतं."

सोसायट्यांवर मराठीत असं पत्र काढणारे आणखी दोघे मला माहीत नाहीत, असं सांगितल्यावर काका खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे मक्तेदारी! मग दर कमी कर." एकटी असेन तर मक्तेदारी, आणखी दोघे असतील तर कोटेशन; दोन्ही वाटांनी माझाच दर खाली. याच काकांच्या टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं बिल मी लिहिलेलं आहे. तिथे कोटेशनं तीन होती आणि तिन्हींवरचं अक्षर एकाच माणसाचं होतं. तेव्हा कोणी रद्दीचा भाव विचारला नाही. कॉन्ट्रॅक्टरला पन्नास हजार ॲडव्हान्स देताना न थरथरणारा हात लिहिणाऱ्या बाईला सहाशे देताना का अडखळतो, हे मला खरंच कळत नाही. आणि हिशेबाच्या फीबद्दल हेच काका दर मार्चला "घरचीच तर आहेस" म्हणतात.

शेवटी पाचशे म्हणाले. मी नाही म्हणाले. एकाला पाचशेला दिलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्रेटऱ्यांचा भाव पाचशे.

काल त्यांनी सहाशे रोख पाठवले, 'किरकोळ खर्च' या सदराखाली, आणि पावती मागितली. पावती दिली. तासाभरात परत आली: रेव्हेन्यू स्टॅम्प नाही. तो पाच हजारांच्या वरच्या पावतीला लागतो, असं मी सांगितलं.

"असं? मग हे तुझ्या पहिल्या पत्रात सविस्तर लिही," काका म्हणाले. "तोपर्यंत लाव."

मी एक रुपयाचं तिकीट लावलं.