सात ते नऊ बंद, बाबा सोडून

दहावीचं वर्ष म्हणून चिरंजीवांना माझा जुना आयफोन दिला, कारण क्लासवाले सगळं व्हॉट्सॲपवरच टाकतात. होमवर्क, टेस्टची तारीख, सुट्टीसुद्धा. मग अभ्यासाच्या वेळेत फोन गप्प बसावा म्हणून मी माझ्या फोनवरच्या स्क्रीन टाइममध्ये त्याचं नाव उघडलं आणि डाउनटाइम लावला, रोज संध्याकाळी ७ ते ९. वेळ लावली की झालं असं वाटतं, पण तसं नाही बरं का. स्क्रीन टाइमचा वेगळा चार आकडी पासकोड ठेवायचा आणि खाली Block at Downtime नावाचं बटण आहे ते पण चालू करायचं. ते बंद असलं तर ॲपवर वाळूचं घड्याळ येतं खरं, पण त्याखालीच Ignore Limit असं छापून येतं आणि मुलगा ते दाबून निवांत आत जातो. म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली तिथेच खिळ्याला लटकवायची.

हे सगळं केलं आणि खरंच गेम, शॉपिंग, रील सगळे सातला मुके झाले. जे ॲप ब्लॉक त्याचं नोटिफिकेशनही येत नाही. मी खूश.

पण व्हॉट्सॲपचं काय? ते Always Allowed मध्ये टाकावंच लागलं, नाहीतर होमवर्क कळणार कसं. आणि इथेच सगळी गोम आहे. ते ॲप सोडलं की अख्खं सोडलं जातं, त्यात सर पण आले, मामेभाऊ पण आला, क्रिकेटचा ग्रुप आला आणि "टेन्थ के टायगर्स" पण आला. फोनला कुठे कळतंय की कोण सर आणि कोण टायगर! मग मला वाटलं Communication Limits मध्ये माणसं निवडता येतात ना, आजी, आम्ही दोघं आणि क्लासचे सर एवढेच ठेवू. ठेवले. तर ते फक्त फोन, फेसटाइम आणि मेसेजेसला लागतं, व्हॉट्सॲपला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. आमच्याकडे साध्या मेसेजवर बँक आणि वीजबिल सोडून येतं कोण?

शेवटी त्याच्या शेजारी बसून व्हॉट्सॲपच्या आतच एकेक ग्रुप उघडून म्यूट केला. तिथे ८ तास, १ आठवडा आणि Always असे तीन पर्याय येतात, सरळ Always. वर आर्काइव्ह पण केले. फक्त क्लासचा ग्रुप तेवढा मोकळा. दोन दिवस घरात शांतता, इतकी की कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे. तिसऱ्या दिवशी सव्वासातला परत टिंग टिंग टिंग. झालं असं की ग्रुप म्यूट असला तरी कोणी @ लावून आपलं नाव लिहिलं, किंवा आपल्या मेसेजला रिप्लाय दिला, की नोटिफिकेशन येतंच. टायगर्सना हे एका संध्याकाळीत समजलं. प्रमेय पाठ होत नाहीत यांना, पण हे बरोबर समजतं. आता प्रत्येक जोकच्या आधी आमच्या लेकाचं नाव, नमस्कार केल्यासारखं.

फोकस नावाचा प्रकार पण लावून बघितला, अभ्यासाच्या नावाने, त्यात कोणाचं नोटिफिकेशन यायचं ते ठरवता येतं. पण तो मुलाच्याच फोनवर, त्याच्याच बोटाने बंद होतो. वर Time Sensitive Notifications ची परवानगी चालू राहिली तर ज्या ॲपला आपला निरोप फार तातडीचा वाटतो ते मध्ये घुसतंच.

आणि खरा डाउनटाइम तर माझाच झालाय. परवा सरांनी पावणेआठला यूट्यूबची लिंक टाकली, "हा व्हिडिओ बघून मगच गणितं सोडवा". यूट्यूब ब्लॉक. चिरंजीवांनी Ask For More Time दाबलं आणि ते आलं माझ्या फोनवर, तेव्हा मी पोळ्या लाटत होते, हात पिठाचे. १५ मिनिटं, एक तास की पूर्ण दिवस, असं विचारतं ते. मी कोपराने १५ मिनिटं दाबायचा प्रयत्न करतेय तोवर ती विनंती गायबच झाली. कारण कुटुंबात बाबा पण पालक म्हणून नोंदलेले, आणि बाबांनी ऑफिसच्या बसमध्ये बसल्या बसल्या पूर्ण दिवस देऊन टाकला होता.

"अहो, पूर्ण दिवस का?" मी फोन करून विचारलं.

"त्याने मेसेज केला ना," हे म्हणाले, "बाबा, लवकर पूर्ण दिवस दाबा, आईचे हात पिठाचे आहेत."