रजेच्या स्टेटसमध्ये सहकाऱ्याचे नाव लिहिण्यापूर्वी

मे महिन्यात आमच्या कार्यालयात एक प्रसंग घडला आणि त्यानंतर रजेवर जाताना टीमच्या चॅटमध्ये लावल्या जाणाऱ्या स्टेटसकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. धरमपेठेतल्या आमच्या कर सल्ल्याच्या कार्यालयात आम्ही चौदा जण काम करतो आणि आपसातले बहुतेक बोलणे मायक्रोसॉफ्ट टीम्सवर होते. घडलेले सगळे जसेच्या तसे सांगते, फक्त दोघांची नावे बदलली आहेत.

रेखाताई आमच्याकडे जीएसटीचे काम पाहतात. पुतणीच्या लग्नासाठी त्यांनी 18 ते 21 मे अशी रजा घेतली होती आणि त्या आर्वीला गेल्या होत्या. जाताना त्यांनी स्टेटस लावले होते, "रजेवर आहे. तातडीचे काम असल्यास मंगेशशी संपर्क साधावा." मी ते वाचले होते आणि मला ते अगदी व्यवस्थित वाटले होते. मंगेशने मात्र ते वाचलेच नव्हते, कारण त्या चार दिवसांत रेखाताईंना संदेश पाठवण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. स्टेटसमध्ये आपले नाव आहे हे त्याला 20 तारखेला दुपारी साडेचारला कळले, तेही इतवारीतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या मुनीमजींनी कार्यालयात फोन करून "आमचे थ्रीबी भरले का?" असे विचारले तेव्हा.

दर महिन्याला जीएसटीआर-3बी भरणाऱ्यांसाठी मागच्या महिन्याच्या विवरणपत्राची अखेरची तारीख 20 असते, हे या क्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक आहे. मंगेशने फाइल उघडली. विक्रीचे आकडे भरलेले होते, खरेदीवरच्या कराची वजावट अर्धी ताडून झाली होती आणि चलान निघालेले नव्हते. कोणत्या तीन बिलांची वजावट मुद्दाम रोखून ठेवली आहे, हे रेखाताईंच्या वहीत होते आणि वही त्यांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात होती. त्याने रेखाताईंना चार वेळा फोन केला, पण लग्नाच्या मांडवात फोन ऐकू जाणे शक्य नव्हते. शेवटी मुनीमजींकडूनच बिलांची खात्री करून घेत त्याने साडेसहापर्यंत हिशेब पूर्ण केला. आता चलान काढून शेठजींच्या बँकेतून पैसे भरायचे होते आणि मग विवरणपत्र दाखल करायचे होते.

खरी अडचण इथे आली. ही पेढी एकट्या मालकाच्या नावावर असल्यामुळे विवरणपत्र ओटीपीने दाखल होते, आणि तो ओटीपी नोंदणीत अधिकृत म्हणून दिलेल्या व्यक्तीच्या, म्हणजे शेठजींच्या, मोबाइलवर आणि ईमेलवर जातो. रेखाताई गेली कित्येक वर्षे शेठजींना फोन करतात, शेठजी त्यांचा आवाज ओळखतात आणि सहा अंक वाचून दाखवतात. मंगेशने फोन करून पैसे भरण्याविषयी आणि नंतर येणाऱ्या ओटीपीविषयी सांगितले, तेव्हा शेठजी म्हणाले, "मी तुम्हाला ओळखत नाही. ताईंना फोन करायला सांगा." आणि त्यांनी फोन ठेवला. शेठजींचे यात काहीही चुकले नाही. अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नका, हे बँका आणि पोलीस सर्वांना सांगत असतात आणि शेठजींनी नेमके तेच पाळले. मी स्वतः फोन करेपर्यंत रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि शेठजी झोपले होते. विवरणपत्र 21 तारखेला सकाळी दाखल झाले.

नुकसान किती झाले ते सांगते, कारण अशा प्रसंगांत आकडा फुगवून सांगण्याची सवय मला योग्य वाटत नाही. रोखीने भरायचा कर 73,000 रुपये होता. वार्षिक 18 टक्के दराने त्यावर एका दिवसाचे व्याज 36 रुपये आणि विलंब शुल्क 50 रुपये, असे एकूण 86 रुपये झाले, आणि ते आम्ही आमच्या खिशातून भरले. पण मुनीमजींनी दुसऱ्या दिवशी विचारलेला प्रश्न 86 रुपयांचा नव्हता. "ताई नसल्या तर आमचे काम कोण पाहते?" असे त्यांनी विचारले. आमच्या स्टेटसमध्ये या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहिलेले होते आणि तरीही ते खोटे होते.

माझे मत असे आहे की स्टेटसमध्ये सहकाऱ्याचे नाव लिहिणे म्हणजे त्याच्या वतीने दिलेला शब्द असतो आणि दुसऱ्याच्या वतीने शब्द द्यायचा तर आधी त्याला विचारावे लागते. यावर आमच्याच कार्यालयातल्या काहींचे म्हणणे असे पडले की मग नाव लिहूच नये, "टीमशी संपर्क साधावा" एवढे पुरे. मला ते पटत नाही. टीमशी म्हणजे नेमके कोणाशी, हे ठरवण्याचे काम तेव्हा संदेश पाठवणाऱ्यावर पडते आणि चौदा जणांच्या ग्रुपमध्ये टाकलेला प्रश्न प्रत्येकाला दुसऱ्या कोणासाठी तरी असल्यासारखा वाटतो. नाव हवेच. त्या नावामागे कामाची खरी सोपवणूक हवी, इतकाच माझा आग्रह आहे.

"तातडीचे काम" या शब्दांवरही माझा आक्षेप आहे. काय तातडीचे हे ज्याला कामाची माहिती आहे तोच ठरवू शकतो, आणि तो तर रजेवर असतो. 20 मेच्या दुपारपर्यंत थ्रीबी कोणालाच तातडीचे वाटले नव्हते, कारण ते रेखाताईंच्या यादीत होते आणि यादी बघणारे दुसरे कोणी नव्हते. म्हणून स्टेटसमध्ये कामाचे नाव आणि तारीख लिहावी. त्या आठवड्याचे योग्य स्टेटस माझ्या मते असे झाले असते:

"18 ते 21 मे रजा, 22 ला सकाळी 10 वाजता हजर. जीएसटी विवरणपत्रे: 20 पर्यंत मंगेश, सायंकाळी 7 पर्यंत उपलब्ध. टीडीएस आणि नोटिशींची उत्तरे: मी परतल्यावर."

टीम्समध्ये स्टेटसला 280 अक्षरांची मर्यादा आहे आणि हा मजकूर त्यात सहज बसतो. टीडीएसचे काम मी परतीवर ठेवले, कारण मार्चअखेरच्या तिमाहीचे विवरणपत्र 31 मेपर्यंत भरता येते आणि 22 ला परतणाऱ्या माणसाला ते पुरेसे आहे. कोणते काम थांबू शकते हे लिहिणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे नाव दिलेल्या सहकाऱ्याच्या वाट्याला रजेवर गेलेल्याचे सगळे काम येत नाही, ठरवून दिलेले तेवढेच येते. रजेचे कारण मात्र स्टेटसमध्ये लिहू नये. आजारपण असो की लग्न, संदेश पाठवणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो.

स्टेटस कोणाला आणि केव्हा दिसते, हेही समजून घ्यायला हवे. टीम्समध्ये स्टेटस लिहिताना `Show when people message me` या ओळीसमोर खूण केली तरच, आपल्याला संदेश लिहायला घेणाऱ्याच्या समोर तो मजकूर येतो. ती खूण करायची राहिली तर आपल्या नावावर जाऊन मुद्दाम पाहणाऱ्यालाच तो दिसतो. रेखाताईंची खूण केलेली होती, तरी मंगेशला मजकूर दिसला नाही, आणि मुनीमजी तर आमच्या टीम्सवर नाहीतच. स्टेटस ही येणाऱ्यासाठी दारावर लावलेली पाटी आहे, आणि ज्याचे नाव पाटीवर आहे तो आतच बसलेला असेल तर त्याला ती वाचता येत नाही.

म्हणून आता आम्ही स्टेटसच्या आधी वेगळा संदेश लिहितो. तो ज्याच्याकडे काम जाणार त्याला थेट, चॅटमध्ये, रजेच्या किमान दोन कामाचे दिवस आधी जातो. त्यात प्रत्येक कामापुढे काय झाले आहे, काय उरले आहे, कोणत्या तारखेपर्यंत करायचे आहे, कागद कुठे आहेत आणि ओटीपी कोणाच्या फोनवर जातो, हे लिहिलेले असते. सहकाऱ्याने तो वाचून "घेतले" असे उत्तर दिल्याशिवाय त्याचे नाव स्टेटसमध्ये येत नाही. त्याला नकार देण्याची मोकळीक असते. जुलैमध्ये मंगेशने एकदा तसा नकार दिला, कारण 20 तारखेला त्याची स्वतःची अर्ध्या दिवसाची रजा होती, आणि ते काम दुसऱ्याकडे गेले. हे 20 तारखेला कळण्यापेक्षा 16 तारखेला कळणे किती बरे, हे त्या दिवशी आम्हा सर्वांना जाणवले.

बाहेरच्या माणसाशी ओळख करून देणे ही यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. रेखाताई आता रजेपूर्वी अशा पाच-सहा ग्राहकांना स्वतः फोन करतात आणि मंगेशला फोनवर सोबत घेऊन म्हणतात, "शेठजी, या महिन्याचा ओटीपी मंगेश मागेल, त्याचा आवाज ऐकून ठेवा." या बोलण्याला दोन मिनिटे लागतात. हिशेबाच्या फाइली कितीही नीट दिल्या तरी माणसाचा विश्वास फाइलीतून दिला जात नाही, तो ओळखीनेच द्यावा लागतो.

रजेवर असलेल्याने मध्येच उत्तरे देऊ नयेत, असेही माझे ठाम मत आहे. रेखाताईंनी 19 तारखेला मांडवातून एका दुसऱ्या ग्राहकाला "करते" असे लिहून टाकले होते, आणि त्यामुळे ते काम नेमके कोणाकडे आहे हे त्या ग्राहकालाही कळेना आणि आम्हालाही. त्यांची काळजी मला समजते, पण ज्याचे नाव दिले आहे त्याच्याकडे काम पूर्णपणे राहू द्यावे.

शेवटची चूक परतल्यानंतर होते. `Clear status message after` मध्ये तारीख न निवडता `Never` ठेवले की स्टेटस तसेच राहते. रेखाताईंचे स्टेटस 28 मेपर्यंत तसेच होते आणि त्या समोर बसलेल्या असताना लोक मंगेशला लिहीत होते. आता स्टेटसची अखेरची तारीख लावतानाच निवडायची, अशी मी सर्वांना विनंती केली आहे, आणि परतण्याच्या दिवशी सकाळी दहा वाजता दोघांनी पंधरा मिनिटे बसायचे ठरले आहे. मंगेश प्रत्येक कामाविषयी सांगतो, रेखाताई "घेतले" म्हणतात, आणि त्यानंतर इतवारीतून येणारे फोन पुन्हा त्यांच्या टेबलावर जातात.