खांद्याचा ‘सीसॉ’ ट्रायल: ब्लाइंडिंग, स्कोअर आणि ४.५ गुण

प्रतिक्रिया: “सर, खांद्याच्या सीसॉ ट्रायलवरचा तुमचा लेख एकांगी वाटला. ऑपरेशन विरुद्ध काहीच न करणे, हा फरक स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट आहे, तरी तुम्ही तो मोडीत काढता. आणि सर्जनला ब्लाइंड करता येतच नाही, मग ऑर्थोच्या ट्रायलमध्ये ब्लाइंडिंगचा एवढा आग्रह कशाला?”

डॉक्टर, आधी ब्लाइंडिंग. सर्जनला कळणारच, ते मान्य. पण इथे निकाल देतो कोण? ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअरचे बाराही प्रश्न पेशंटच भरतो: रात्री दुखतं का, कपाटात कपडे अडकवता येतात का. प्रत्येकी ० ते ४, एकूण ४८ गुण. म्हणजे मोजणारा पेशंटच. त्याला स्वतःचा गट ठाऊक असेल, तर तो अंदाज गुणांत उतरतो.

२०१८ च्या या ब्रिटिश ट्रायलचं मोल इथेच आहे. एका गटात सबअ‍ॅक्रोमियल डीकम्प्रेशन, दुसऱ्यात नुसती दुर्बीण घालून पाहणी, हाड न घासता. या दोन्ही गटांतल्या पेशंटना आपल्यावर नेमकं काय झालं हे सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या गटाला मात्र आपल्याला काहीच मिळालं नाही हे पक्कं माहीत होतं.

सहा महिन्यांनी डीकम्प्रेशन विरुद्ध काहीच नाही: फरक २.८ गुण, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.५ ते ५.२. तुम्ही म्हणता तो सिग्निफिकंट फरक हाच. पण ही तुलना उघडी आहे, शिवाय ऑपरेशनवाल्यांना नंतरची फिजिओथेरपीही होती. पेशंटला जाणवेल असा किमान फरक, म्हणजे एमसीआयडी, ट्रायलने ४.५ धरला होता. २.८ त्याखाली येतो. मात्र इंटरव्हलचं वरचं टोक ४.५ च्या पुढे जातं, त्यामुळे या तुलनेपुरता ‘महत्त्वाचा फायदा नाहीच’ असा निकाल देता येत नाही. इतपत तुमचं म्हणणं रास्त आहे.

आता ब्लाइंड तुलना बघा. डीकम्प्रेशनचा स्कोअर ३२.७, नुसत्या दुर्बिणीचा ३४.२. अ‍ॅडजस्ट केलेला फरक उणे १.३, इंटरव्हल उणे ३.९ ते अधिक १.३. डीकम्प्रेशनच्या बाजूने जास्तीत जास्त १.३, म्हणजे ४.५ च्या जवळपासही नाही. हाड घासल्याने वेगळा फायदा होतो का, याचं उत्तर याच तुलनेत आहे. जर्नल क्लबमध्ये p व्हॅल्यू बघून थांबू नका. इंटरव्हलची दोन्ही टोकं एमसीआयडीच्या रेषेवर ठेवून बघा.

एक घोटाळा मात्र टाळा. २.८ ही सरासरी आहे. तिच्यावरून ‘एकाही पेशंटला ४.५ गुणांचा फायदा झाला नाही’ असं म्हणता येत नाही. त्यासाठी प्रत्येक गटात किती जणांनी तो टप्पा ओलांडला, हे वेगळं पाहावं लागतं.

खरं तर तुमच्या जागी मी वेगळाच आक्षेप घेतला असता. सहा महिन्यांपर्यंत डीकम्प्रेशन गटातल्या २३ टक्के आणि नुसत्या दुर्बिणीच्या गटातल्या ४२ टक्के पेशंटना ठरलेले उपचार मिळालेच नव्हते. इंटेन्शन-टू-ट्रीट विश्लेषणात अशा सरमिसळीने गट एकमेकांसारखे दिसू लागतात आणि खरा फरकही दबू शकतो. म्हणून मुख्य निकालाशेजारी पर-प्रोटोकॉल विश्लेषण ठेवून वाचा. दोन्हींची दिशा एकच असेल, तर हा आक्षेप बराच सैल पडतो.