आकाशी भुताचं गणित
"पॅकमॅनमधलं आकाशी भूत कधी अंगावर येतं, कधी भलतीकडेच जातं. ते रँडम आहे का?"

अजिबात नाही. १९८० च्या मूळ आर्केड गेममध्ये इंकीचं, म्हणजे आकाशी भुताचं लक्ष्य लाल ब्लिंकीवर अवलंबून असतं, आणि खेळताना त्याच्याकडे कुणी बघतच नाही. पॅकमॅनच्या तोंडापुढचं दुसरं घर धरा. ब्लिंकीपासून त्या घरापर्यंत रेघ ओढा आणि तेवढीच पुढे वाढवा. रेघ संपते ते इंकीचं लक्ष्य.

समजा पॅकमॅन डावीकडे चाललाय आणि ब्लिंकी त्याच ओळीत चार घरं मागे आहे. ब्लिंकीपासून त्या घरापर्यंत सहा घरं, म्हणून लक्ष्य आणखी सहा पुढे, पॅकमॅनच्या आठ घरं समोर. ब्लिंकी एकच घर मागे असेल तर हे अंतर पाचवर येतं. म्हणजे लाल जितका जवळ, तितका आकाशीही तुमच्यावर नेमका येतो. लाल लांब असेल तर लक्ष्य चक्रव्यूहाच्या बाहेरही पडतं! त्याने बिघडत नाही, कारण भूत पूर्ण रस्ता शोधतच नाही. नाक्यावर ज्या घरापासून लक्ष्य सरळ रेषेत जवळ, तिकडे वळायचं, एवढंच. मागे फिरायला मात्र बंदी.

गंमत वर जाताना होते. प्रोग्राममधल्या चुकीमुळे पॅकमॅनचं तोंड वर असलं की 'पुढचं दुसरं घर' दोन घरं डावीकडेही सरकतं. गुलाबी पिंकीचंही तेच, फक्त चार घरांनी.